ही ओळ कुणाच्याही फोटोखाली चालेल

प्रवासातल्या फोटोखाली काय लिहावं, यावर साहित्याच्या नियतकालिकाची पानं खर्ची घालावीत का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पडू दे. याच वाचकांच्या फोनमध्ये मी काशीच्या घाटावरच्या फोटोखाली 'आत्म्याचा प्रवास' वाचलेलं आहे. कवितेत एक सैल शब्द चालवून न घेणारी माणसं फोटोखाली लिहायला बसली की कॅलेंडरच्या कारखान्यात कामाला लागल्यासारखी का लिहितात, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आता थोडं कळतंय असं वाटतं, आणि ते भांडून सांगायचं आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करते. मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर एकोणीस वर्षं काढली. आमच्याकडे याला फोटोओळ म्हणतात. पान सुटायला दहा मिनिटं उरलेली असताना जो उपसंपादक मोकळा दिसेल त्याच्यापुढे फोटो यायचा आणि ओळ मागितली जायची. पहिला पाऊस असला की 'वरुणराजाची हजेरी'. धबधब्यापाशी कॉलेजची मुलं असली की 'सेल्फीचा मोह आवरेना'. कास पठारावर फुलं आली की 'निसर्गाची मुक्त उधळण'. जुना वाडा किंवा किल्ला असेल तर 'इतिहासाचा मूक साक्षीदार', आणि तो साक्षीदार मी इतक्या वेळा कोर्टात उभा केला आहे की त्याला आतापर्यंत कंठ फुटायला हवा होता. या ओळी मला सुचलेल्या नव्हत्या. त्या ड्रॉवरमध्ये होत्या, फोटो आला की त्या मापाची बाहेर काढायची.

तेव्हा इंग्रजीत लिहिणाऱ्या पोरांना 'वॉण्डरलस्ट'वरून हसणाऱ्या मराठी लेखकांनी जरा थांबावं. त्यांचा ड्रॉवर इंग्रजी आहे, आपला मराठी, एवढाच फरक.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची आईवडिलांना घेऊन हंपीला गेली. ती बंगळुरात नोकरी करते, मीही आता इथेच असते. भावोजी सांगलीकडच्या एका डेपोतून एसटीचे कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. परत आल्यावर तिने मला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, कॅप्शन बोअर झालीय. मस्त काहीतरी कर ना. फनी पण हवी आणि माझी पण वाटली पाहिजे.'

फोटो असा. विठ्ठल मंदिराच्या आवारातला दगडी रथ. त्याच्यासमोर, कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे आलेला एक हात, मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. हातात पन्नासची निळी नोट, मागची बाजू आपल्याकडे. २०१७ साली आलेल्या या नोटेच्या पाठीवर हाच रथ छापलेला आहे. नोटेवरचा रथ आणि मागचा रथ एका रेषेत आणायचा, असा तो खेळ. हंपीला जाणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब हा फोटो काढतं. त्यात एक अडचण ठरलेली असते : नोट जवळ आणि रथ लांब, त्यामुळे दोन्हींपैकी एकच गोष्ट स्वच्छ येते. भाचीच्या फोटोत नोट स्वच्छ आली होती, रथ थोडा धूसर.

खाली तिने लिहिलं होतं, 'लॉस्ट इन द रुइन्स, फाउंड इन द स्टोरीज'.

मी तिला विचारलं, "ही ओळ रायगडाच्या फोटोखाली चालेल का?"

"चालेल."

"अंगकोर वाटच्या?"

"हो गं मावशी, चालेल. म्हणूनच तर तुला पाठवली."

माझ्याकडे एवढी एकच कसोटी आहे, आणि ती डेस्कवर शिकलेली नाही, डेस्क सोडल्यावर सुचली. ओळ उचलायची आणि दुसऱ्याच्या फोटोखाली ठेवून बघायची. तिथेही ती तितकीच शोभत असेल, तर ती आपली नाही. ती नीरस आहे म्हणून वाईट नाही. ती कुणाचीही आहे म्हणून वाईट आहे. 'जेनेरिक' औषधासारखंच हे, वेष्टन बदललं तरी आतलं रसायन तेच.

भाचीने दुसऱ्या दिवशी स्वतःच एक विनोदी ओळ करून पाठवली : 'पन्नास रुपयांत हंपी दर्शन!' तिला वाटलं, आता जमलं. इथेच माझं खरं भांडण आहे. फोटोखालची ओळ सपाट वाटली की तिला विनोदाची फोडणी द्यावी, असा एक समज पसरलेला आहे. शब्दखेळ करा, गाण्याचे शब्द वाकवा, शेवटी हसरा चेहरा लावा. पण कसोटी लावा. पन्नासच्या जागी वीस लिहा आणि वेरूळला जा. दहा लिहा आणि कोणार्कला जा. शंभर म्हटलं की पाटणची राणी की वाव, दोनशे म्हटलं की सांचीचा स्तूप, पाचशे म्हटलं की लाल किल्ला. एकच विनोद रिझर्व्ह बँकेने सहा किमतींत छापून दिलेला आहे, आणि सहाही ठिकाणी तो आजच दुपारी कुणाला तरी सुचला असेल. विनोदही ड्रॉवरमधला असू शकतो. तो जास्त फसवा, कारण तो सुचल्यावर आपल्याला हसू येतं आणि ते हसू आपलं असल्यामुळे विनोदही आपलाच वाटतो.

मग एक तिसरा मार्ग असतो, आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांचा. माहिती द्यायची. भाचीने तोही करून पाहिला : 'एकाच अखंड दगडातून कोरलेला सोळाव्या शतकातला रथ'. हे तर चूकच आहे. रथ ग्रॅनाइटच्या अनेक दगडांचा जोडून केलेला आहे, सांधे बेमालूम लपवलेत इतकंच. तो खरं तर गरुडाचं देऊळ आहे. त्यावर विटांचं शिखरही होतं. १८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काढलेल्या छायाचित्रात ते दिसतं, आज नाही. पुढे जे हत्ती उभे आहेत तेही मूळचे नव्हेत, आधी तिथे घोडे असावेत. हत्तींच्या मागे नीट पाहिलं तर घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून दिसतात. मला स्वतःला या घोड्यांच्या शेपट्या फार आवडतात. पण मी भाचीला म्हटलं, हे चांगलं आहे, खरं आहे, 'अखंड दगड' लिहिण्यापेक्षा तर शंभर पटींनी बरं. फक्त हे गाइडही सांगतो. तू कुठे आहेस त्यात?

"मग मी फोटोत नाहीच आहे," ती म्हणाली. "हात बाबांचा आहे."

हात बाबांचा आहे, ही पहिली गोष्ट होती जी फोटोकडे बघून मला कळली नव्हती. आता कुठे काम सुरू झालं.

'फोटो स्वतःच बोलतो' असं म्हणणारी एक जमात आहे. छायाचित्रकार असतात बहुतेक, आणि आपल्या कलेविषयी त्यांना अभिमान असावा हे ठीकच. पण हा फोटो काय बोलत होता? नोट, रथ, हात. हेच तीन शब्द तो हजारो फोनमधून बोलतो. हा हात कुणाचा, शटर दाबायच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, ही नोट शेवटी कशावर खर्च झाली, हे फोटोला बोलता येत नाही. फोटोओळीची जागा नेमकी तिथे आहे. दिसतंय ते पुन्हा सांगायचं नाही, आणि न दिसणारं असं सांगायचं की फोटोकडे परत बघावंसं वाटेल.

म्हणून मी भाचीला एवढंच विचारलं : हा फोटो काढायच्या दोन मिनिटं आधी काय चाललं होतं?

"काही नाही. रांग होती. आमचा नंबर आला, मी पर्समधून नोट काढून बाबांच्या हातात दिली. ते उभे राहिले, मी मागून फोटो काढला."

"दिली आणि लगेच धरली त्यांनी?"

ती थांबली. मग हसायला लागली. "नाही गं. आधी त्यांनी ती वर उजेडात धरून बघितली. मागचे लोक खोळंबलेत आणि हे नोट बघतायत. मी म्हटलं, बाबा, फोटोसाठी आहे ती. सवयच आहे त्यांना."

हाच तो विनोद. तो आधीच घडून गेला होता, शोधायला कुठे जायचं नव्हतं. भाचीने तो पाहिला होता आणि फोटो काढताना बाजूला टाकला होता, कारण 'कॅप्शन' म्हणजे काहीतरी वेगळं, रचलेलं असतं अशी तिची समजूत होती. लोक मला म्हणतात, आम्हाला विनोद सुचत नाही. तुम्हाला आठवत नाही म्हणा.

तिने उत्साहात पहिला खर्डा पाठवला : 'सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेल्या माझ्या बाबांना मी हंपीच्या सुप्रसिद्ध दगडी रथासमोर फोटोसाठी पन्नासची नोट धरायला दिली, तर त्यांनी चक्क आधी ती खरी आहे की खोटी हे तपासून पाहिलं!' आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे.

आता हे सोलायचं. हंपी काढलं, कारण इन्स्टाग्रामवर ठिकाणाचं नाव फोटोच्या वरच येतं. 'सुप्रसिद्ध' काढलं. प्रसिद्ध गोष्टीला सुप्रसिद्ध म्हणायची गरज नसते. दगडी आणि पन्नास दोन्ही गेले, दोन्ही दिसतायत. 'चक्क' गेलं. 'चक्क', 'अक्षरशः', 'अविस्मरणीय' हे शब्द लिहिणारा वाचकाला कोपराने ढोसत असतो, की बघ, इथे हसायचं, इथे थक्क व्हायचं. उद्गारचिन्ह आणि ते तीन चेहरे हेही कोपरच. ज्या गोष्टीवर आपण आधीच हसून मोकळे झालो, तिच्यावर वाचकाने कशाला हसावं?

'खरी आहे की खोटी हे तपासून पाहिलं' यावर आमचं थोडं अडलं. तिचं म्हणणं, ते नसेल तर कळणार कसं? माझं म्हणणं, नोट उजेडात धरणं म्हणजे काय हे भारतात सांगावं लागत नाही. केवळ कृती लिही, हेतू वाचकाला लावू दे. तो लावतो त्या क्षणी हसतो.

मग क्रम. कंडक्टर ही गोष्ट आधी सांगितली की पुढचं सगळं अपेक्षित होतं. शेवटी ठेवली तर आधी एक लहानसं कोडं पडतं, हा माणूस फोटोसाठी दिलेली नोट का तपासतोय, आणि मग ते सुटतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य आपोआपच काहीतरी राखून ठेवतं. पण दोन वाक्यं असली की शेवटी काय राखायचं ते आपल्याला ठरवावं लागतं. शिवाय फोनवर पहिल्या एकदोन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो आणि more असं दिसतं, तेव्हा लांबण लावून चालणार नव्हतं. अर्ध्या तासाने हाती आलं ते असं :

'रथासमोर धरायला नोट दिली. बाबांनी आधी उजेडात धरली. सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर.'

कसोटी लावून पाहा. वेरूळला नेता येईल, वीसच्या नोटेसह, हे खरं. पण त्यासाठी बाबाही न्यावे लागतील.

इथे भाचीच्या खोलीत राहणारी मल्याळी मुलगी आमच्यात आली. तिला ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला. 'एसटी' तिला कळेना. सरकारी बस म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आमची आनवंडी." केरळच्या सरकारी बसवर हत्तींचं चिन्ह असतं, म्हणून तिला तिकडे आनवंडी म्हणतात, हत्तीची गाडी. मग तिने फोटोकडे पुन्हा पाहिलं आणि ओरडलीच. रथाला पुढे हत्ती! ही तर खरोखरच आनवंडी, आणि समोर कंडक्टर!

मी कबूल करते, मला हेवा वाटला. असा विनोद आयुष्यात एकदोनदाच सापडतो, आणि तो एका भाषेच्या पोटातच असतो. बाहेर काढला की मरतो. भाची लगेच म्हणाली, हेच टाकूया. मी नको म्हटलं. हा विनोद जिचे वडील केरळच्या बसवर होते तिचा आहे. आपल्या एसटीवर हत्ती नाही. भावोजी कधी आनवंडीत चढले नाहीत. उसना विनोद कितीही देखणा असला तरी तो घातला की फोटोतला हात दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. मैत्रिणीला मी सांगितलं, तुझ्या बाबांना नाहीतर मामांना कुणाला तरी तिथे घेऊन जा आणि ही ओळ तू लिही. तिच्या घरात कुणी बसवर नाही असं कळलं. मग ही ओळ अजून कुणाची तरी वाट बघते आहे.

इथवर सगळं छान चाललं होतं, आणि मी हा लेख इथेच संपवला असता तर तो एक प्रसन्न लेख झाला असता. पण भाचीने ओळ टाकताना शेवटी आपल्या मनाचे तीन शब्द जोडले : 'पोरीवरही विश्वास नाही!' तिला वाटलं, ओळ जरा कोरडी आहे, थोडी गंमत हवी. लोकांना आवडली. हसरे चेहरे आले. कुणीतरी ती घरच्या ग्रुपवर टाकली.

दोन दिवसांनी माझ्या बहिणीचा फोन. "हे काय लिहिलंय गं पोरीने? हे गप्पच आहेत कालपासून. म्हणाले, मी नोट बघितली यात हसण्यासारखं काय?"

मी भावोजींना फोन केला. आम्ही फार बोलत नाही एकमेकांशी, दिवाळी आणि लग्नकार्य एवढंच. म्हटलं, "भावोजी, ओळ मीच करून दिली होती. चूक झाली."

ते म्हणाले, "चूक नाही हो. पण तुम्हाला माहीत नाही त्यातलं. रात्रीची गाडी असते. आत दिवे पिवळे, निम्मे बंद. गर्दीत माणूस नोट पुढे करतो, तुम्ही घेता. सकाळी डेपोत हिशेब करताना कळतं की खोटी आहे. मग ती कुणाची? ज्याने घेतली त्याची. आपल्या खिशातून भरायची. एका पावसाळ्यात पाचशेची घेतली मी अशी. तेव्हा पोरीची शाळेची फी भरायची होती. तेव्हापासून हात आपोआप वर जातो."

आणि मग म्हणाले, "विश्वास नाही असं नाही त्याच्यात."

विनोदी ओळींविषयी जे सल्ले दिले जातात त्यांत हे कुठेच नसतं. ओळीत जे माणूस आहे त्याच्या खिशातून विनोदाची किंमत जाते का, हे कुणी विचारत नाही. 'पोरीवरही विश्वास नाही' हे शब्द खोटे होते, आणि खोटे होते म्हणूनच ते कुणाच्याही फोटोखाली चालले असते. वडील-मुलगी, विश्वास-अविश्वास, हा विनोद जाहिरातींत असतो, मालिकांत असतो. भाचीची ओळ माझ्या हातून सुटताच पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन पडली होती. आणि माझी मूळची ओळ तरी किती स्वच्छ होती? मी सवय पाहिली. सवयीमागे काय आहे हे मी विचारलंच नाही, कारण ओळ जमली होती, ताल जमला होता. डेस्कवरची जुनी खोड, दहा मिनिटांत पान सोडायची. दोन मिनिटं आधी काय झालं हे विचारून मी स्वतःवर खूश होते. सत्तावीस वर्षं आधी काय झालं हे विचारायला हवं होतं.

भाचीने त्याच रात्री ओळ बदलली. आता ती अशी आहे : 'रथासमोर धरायला नोट दिली. बाबांनी आधी उजेडात धरली. सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर. खोटी निघाली की भरपाई त्यांच्याच खिशातून.'

या शेवटच्या वाक्यावर आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं ते एक वाक्य जास्त आहे. 'कंडक्टर'वर थांबलं असतं तर हसूही राहिलं असतं आणि ज्याला विचारायचं त्याने विचारलं असतं. 'भरपाई' म्हटलं की ओळ जरा हात जोडून उभी राहते. भाचीचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, मावशी, तुला ओळ चांगली व्हायला हवी आहे, मला बाबा कळायला हवेत. माझ्या ऑफिसातल्या कुणाला माहीतच नाही की खोटी नोट कंडक्टरच्या खिशातून जाते. मी म्हटलं, मग ती माहिती झाली. ती म्हणाली, होऊ दे. आधीच्या ओळीपेक्षा या ओळीला पसंतीचे बदाम कमी पडले, हे मी मुद्दाम सांगते आहे. त्यावरून कोण बरोबर ठरतं, हे मात्र मला त्यातून काढता येत नाही. एवढं कळतं की ओळ तिची आहे. मी कितीही नाक मुरडलं तरी आता ती माझ्या सहीने खपणार नाही, आणि ती अशी खपू नये हीच तर मूळची मागणी होती.

आमच्या लहानपणी फोटोच्या पाठीवर लिहायची पद्धत होती. पेन्सिलीने, फार न दाबता, नाहीतर अक्षरं पुढच्या बाजूला उमटत. माझी आई लिहायची. 'महाबळेश्वर, मे. घाटात बाळूला उलट्या.' पुढे आर्थर सीटवर उभं असलेलं सहा जणांचं कुटुंब, सगळे हसतमुख, आणि बाळूच्या अंगात काकाचा शर्ट का आहे ते पाठ उलटल्याशिवाय कळत नाही. आईने विनोद केला नव्हता. नोंद केली होती. ती आमच्यासाठीच होती, त्यामुळे तिला लोकांना हसवायचं नव्हतं आणि आमची अब्रूही जात नव्हती. आज आपण जी ओळ लिहितो ती तिथे नसलेल्या माणसांसाठी लिहितो, ही तिची अडचण आहे. पाठीवरचं पुढे आलं आहे. म्हणून आपण सजवायला लागतो.

उन्हाळ्यात मी बहिणीकडे गेले होते. हंपीच्या फोटोची प्रिंट त्यांनी काढून आणली आहे, काचेच्या कपाटात, स्टीलच्या पेल्यांना टेकवून ठेवलेली. बहीण चहा करत होती. मी फोटो बाहेर काढला, नोट स्वच्छ, रथ धूसर, आणि सवयीने उलटा केला. मागे भावोजींच्या अक्षरात, पेन्सिलीने, तारीख होती आणि खाली लिहिलं होतं :

'हंपी. नोट खरी होती.'